‘सर नाही, मॅडम बोलतेय’

*डॉक्टर, मी 52 वर्षांची आहे, पुण्यात एका ट्रॅव्हल कंपनीत काम करते. चोवीसाव्या वर्षापासून सिगारेट ओढते, दिवसाला दहा-बारा. गेल्या चार-पाच वर्षांत आवाज इतका जाड आणि घोगरा झालाय की फोनवर सगळे मला ‘सर’ म्हणतात. परवा बँकेच्या माणसाने ‘खातेदार मॅडमना फोन द्या’ असं सांगून माझं काम अडवलं. दुर्बिणीच्या तपासणीत दोन्ही स्वरतंतूंवर सूज निघाली, रिपोर्ट सोबत जोडलाय. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करू. हा कॅन्सर तर नाही ना? औषधाने जाणार नाही का? ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात, आणि आवाज पूर्वीसारखा होईल का? फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुलीचं लग्न आहे. तिची मंगलाष्टकं मीच म्हणायची असं ती लहान असल्यापासून ठरलेलं आहे.*

ताई, आधी रिपोर्टकडे वळते, कारण तुमची झोप कशाने उडाली असेल ते मला माहीत आहे. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. सूज दोन्ही बाजूंना आहे, दोन्ही तंतू मोकळेपणाने हलतात, आणि कुठे पांढरा चट्टा किंवा जखम नाही. कॅन्सर सहसा एका बाजूला सुरू होतो, पृष्ठभाग खडबडीत करतो आणि पुढे त्या बाजूच्या तंतूची हालचाल थांबवतो. तुमच्या फोटोत दिसतात त्या राखाडी-पिवळसर, पाण्याने भरलेल्या मऊ पिशव्या. आम्ही याला रायंकेची सूज म्हणतो. फ्रीडरिश रायंके या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने 1895 साली तंतूंमधल्या ज्या थराचं वर्णन केलं, त्याच थरात ही सूज येते. ही सूज म्हणजे कॅन्सर नव्हे. पण ज्या धुराने ती आली तोच धूर स्वरयंत्राच्या कॅन्सरलाही कारण होतो. म्हणून आज रिपोर्ट चांगला आहे एवढ्यावर दुर्बिणीची तपासणी कायमची बंद करता येत नाही.

आता आवाज जाड का झाला ते. बाईचे स्वरतंतू जेमतेम एक-दीड सेंटीमीटर लांब असतात आणि साधं बोलताना सेकंदाला साधारण 200 वेळा थरथरतात. तंतू म्हणजे नुसता स्नायू नव्हे. स्नायूवर एक चिवट पट्टा, त्यावर जेलीसारखा पातळ थर आणि सगळ्यात वर नाजूक त्वचा. तापल्या दुधावरची साय फुंकर मारली की दुधावर सरकते, तशी ही वरची त्वचा जेलीवर सरकते आणि तिच्या लाटेतून आवाज निघतो. वर्षानुवर्षं गरम, दाहक धूर लागत राहिला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. पाझरलेलं पाणी त्या जेलीत साठतं. या थराला पुढून-मागून बंद कप्प्यासारखी हद्द आहे आणि निचऱ्याची सोय फारशी नाही, त्यामुळे साठलेलं तिथेच राहतं आणि कालांतराने डिंकासारखं घट्ट होतं.

तंतू जड झाला की सावकाश थरथरतो. तंबोऱ्याची खर्जाची तार जाड का असते ते आठवा. तुमच्या रिपोर्टमध्ये बोलण्याची सरासरी पट्टी 138 लिहिली आहे, म्हणजे सेकंदाला 138 कंपनं. पेटीच्या भाषेत सांगायचं तर बाईच्या बोलण्याचा स्वर साधारण काळी चारच्या आसपास असतो, तुमचा काळी एकवर उतरलाय. पुरुष गायक सर्रास काळी एकचा सा धरतात. बँकेतला तो मुलगा उद्धट असेलही, पण त्याच्या कानाची चूक नव्हती. सिगारेट पुरुषही ओढतात आणि ही सूज त्यांनाही येते, पण त्यांचा आवाज आणखी दोन स्वर खाली गेला तर घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. बाईला मात्र पहिल्या फोनवरच कळतं. आमच्याकडे येणाऱ्या या रुग्णांत बायका जास्त दिसतात त्याचं मोठं कारण हे आहे.

औषधाबद्दल सरळच सांगते. साठून घट्ट झालेली जेली विरघळवणारी गोळी नाही. स्टेरॉइडने चार दिवस आवाज थोडा मोकळा वाटतो, गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. गुळण्या, हळद-दूध, ज्येष्ठमध यांनी घशाला बरं वाटत असेल तर जरूर घ्या, फक्त त्यातलं काहीही स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही हे लक्षात ठेवा. पोहोचलं असतं तर ठसका लागला असता, तिथे पाण्याचा थेंबही चालत नाही. दोन गोष्टी मात्र तपासून घ्या. एक, थायरॉईडची टीएसएच ही रक्तचाचणी, कारण थायरॉईड कमी पडला तरी याच थरात सूज येऊ शकते आणि ती गोळीने सुधारते. दुसरी, आम्लपित्त. सकाळी तोंड आंबट, सतत घसा खाकरावासा वाटणं, रात्री साडेदहाला जेवून अकराला आडवं होणं, यातलं काही असेल तर जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा. गरज असेल तर तुमचे डॉक्टर काही आठवडे गोळी देतील. तक्रार नसताना ती गोळी उगाच घेऊ नका.

मुख्य प्रश्न सिगारेटचा आहे, आणि तुम्ही तो पत्रात विचारलेलाच नाही.

माझ्या एका रुग्ण बाईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. 57 वर्षांच्या, विमा एजंट, तीस वर्षांची सिगारेट. त्यांचं एक ऑपरेशन माझ्याकडे येण्याच्या सहा वर्षं आधी दुसरीकडे झालं होतं आणि ते चांगलं झालं होतं. दोन वर्षं आवाज छान राहिला. सिगारेट मात्र महिन्याभरातच पुन्हा सुरू झाली होती आणि तिसऱ्या वर्षापासून आवाज उतरायला लागला. माझ्याकडे आल्या तेव्हा पट्टी 126 होती आणि जिना चढताना घशातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता, म्हणजे पिशव्या श्वासाच्या वाटेत लोंबायला लागल्या होत्या. त्यांना लगेच ऑपरेशन हवं होतं. मी म्हटलं, शिट्टी बसल्या जागी यायला लागली तर त्याच दिवशी करू, नाहीतर आधी दहा आठवडे धूर बंद. त्या माझ्यावर चांगल्याच चिडल्या होत्या. दहा आठवड्यांनी पट्टी 137 झाली आणि शिट्टी गेली. धूर थांबल्यावर ताजा पाझर थांबतो, त्यामुळे एवढी सुधारणा बरेचदा दिसते. सूज अगदी थोडी असेल तर तेवढ्यावर भागतंही. जुनी, मोठी पिशवी मात्र नुसत्या सोडण्याने सहसा पूर्ण बसत नाही. मग आम्ही ऑपरेशन केलं आणि तीन महिन्यांनी पट्टी 168 भरली. बँकेचे फोन सुरळीत झाले. पण त्यांची पहिली तक्रार काय होती? ‘अहो, माझे जुने पॉलिसीवाले मला ओळखत नाहीत. घरी यजमान म्हणतात, ही कोण बोलतेय?’ हे हसण्यावारी नेऊ नका. गेली काही वर्षं ज्या आवाजाने लोक तुम्हाला ओळखतात तो बदलणार आहे, त्यामुळे पट्टी किती चढवायची आहे हे तुम्ही सर्जनला आधी सांगायला हवं.

सोडायची कशी? दहा-बारा सिगारेटी आणि उठल्यावर अर्ध्या तासात पहिली पेटत असेल, तर मेडिकलमध्ये मिळणारं निकोटिन गम 4 मिलिग्रॅमचं घ्या, पहिली उशिरा पेटत असेल तर 2 चं. ते च्युइंगगमसारखं चघळत राहिलात तर उचक्या लागतील आणि पोटात जळजळेल. चार-सहा वेळा चावायचं, तिखट झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचं, असा अर्धा तास. आधीच्या पंधरा मिनिटांत चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. पहिले काही आठवडे दिवसाला आठ-दहा लागतील, मग कमी करत तीन महिन्यांत बंद. हृदयाचा काही त्रास असेल तर सुरू करण्याआधी विचारा. गमाने भागलं नाही तर डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणाऱ्या गोळ्या आहेत, आणि सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइन 1800-11-2356 वर फुकट सल्ला मिळतो. ई-सिगारेटकडे वळू नका. 2019 पासून आपल्याकडे तिच्या विक्रीवर बंदी आहे, आणि तंतूंना गरम वाफ आणि रसायनं तिथेही मिळतातच. जाता जाता, मिश्री लावणाऱ्या कुणा मैत्रिणीने ‘आम्हाला नाही हो घोगरेपणा येत’ असं म्हटलं तर तिला सांगा की ही सूज धुराची आहे, मिश्रीचं बिल तोंडाच्या आतल्या कातडीवर फाटतं.

आता ऑपरेशन. गळ्यावर बाहेरून कुठेही चिरा नसतो. पूर्ण भूल देतात, म्हणजे उपाशी पोटी जायचं. भूलतज्ज्ञाला ही सूज आहे हे आधी माहीत असायलाच हवं, कारण नेहमीच्या जाडीची श्वासाची नळी या पिशव्यांमधून घालणं अवघड जातं, बारीक नळी लागते. (हे पुढे कधी पित्ताशयाचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं तरी आठवणीने सांगा, तेव्हा कुणी विचारणार नाही.) तोंडातून एक सरळ पोलादी नळी घशात बसवतात, ती बाहेर एका टेकूला अडकवून स्थिर करतात आणि तिच्यातून मायक्रोस्कोपखाली काम चालतं. हत्यारं वीतभर लांब, त्यांची टोकं मात्र तांदळाच्या कण्यांएवढी.

छेद घ्यायचा तो तंतूच्या वरच्या अंगाला, काठावर नव्हे. काठावर काठ आपटून आवाज होतो, म्हणून काठाला हात लावायचा नाही. त्या छेदातून त्वचेचं झाकण हळूच उचलायचं. आतली जेली पातळ असेल तर सक्शनने निघते, जुनी असेल तर चिमट्याने सैल करून काढावी लागते. थोडी मुद्दाम मागे ठेवायची. मग झाकण पुन्हा पसरायचं, ताणून उरलेली त्वचा कापायची आणि कडेला कडा लावायची. टाका सहसा लागत नाही. कापलेला तुकडा पॅथॉलॉजीला जातो आणि त्याचा रिपोर्ट तुम्ही मागून घ्यायचाच. वेळ तासाभराचा, घरी त्याच किंवा दुसऱ्या दिवशी. काही ठिकाणी हेच काम लेसरने करतात. लेसर हे एक हत्यार आहे, त्याने निकाल आपोआप चांगला लागत नाही. किती काढायचं हे हातच ठरवतो.

यातलं ‘थोडी मागे ठेवायची’ हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. एके काळी बटाट्याची साल काढावी तशी तंतूवरची त्वचा सोलून काढत. सूज जायची, पण खालच्या पट्ट्यावर व्रण धरायचा आणि साय सरकायलाच जागा उरायची नाही. आवाज बारीक, हवा सुटलेला, दोन वाक्यांत दमवणारा व्हायचा. जाड आवाज परवडला, हा नाही. कारण राहिलेली जेली नंतर काढता येते, गेलेला थर परत घालता येत नाही. दुसरा धोका पुढच्या कोपऱ्यात, जिथे दोन्ही तंतू इंग्रजी व्ही अक्षरासारखे जुळतात. तिथे दोन्ही बाजू एकाच वेळी उघड्या राहिल्या तर बरे होताना एकमेकींना चिकटतात आणि बदकाच्या पंजासारखा पडदा तयार होतो. म्हणून सर्जन त्या कोपऱ्यापासून लांब राहतो किंवा एका बैठकीत एकच बाजू करतो. तुमच्या डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: दोन्ही बाजू एकदम करणार का, आणि पुढचा कोपरा कसा सांभाळणार? शांतपणे समजावून सांगणारा सर्जन मिळाला तर पुढचं त्यांच्यावर सोडा. शिवाय पोलादी नळीमुळे जीभ काही दिवस बधिर राहू शकते, चव बदलू शकते. हलता दात असेल तर आधीच दाखवा.

नंतर मी पाच दिवस पूर्ण मौन सांगते. काही जण तीन सांगतात, काही सात. मौन म्हणजे कुजबुजही नाही, कारण बऱ्याच जणी कुजबुजताना तंतू उलट जास्त आवळतात. वही-पेन हाताशी ठेवा, व्हॉट्सॲप आहेच. सहाव्या दिवशी पाच मिनिटं बोलायचं, सातव्या दिवशी दहा, असं वाढवत न्यायचं. पहिले दोन आठवडे आवाज आधीपेक्षाही वाईट लागतो, चिरका आणि फाटका. तेव्हा घाबरून कुणी खाकरत बसतात, आणि तेच नडतं. स्पीच थेरपिस्ट तुम्हाला ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवून ‘ऊऽऽ’ करत बुडबुडे काढायला शिकवतील. पोरखेळ वाटेल, पण त्या बुडबुड्यांचा उलटा दाब तंतूंना एकमेकांपासून किंचित दूर ठेवतो, त्यामुळे ते जोरात आपटत नाहीत. खरा आवाज कळायला सहा ते आठ आठवडे लागतात, कधी तीन महिने.

पूर्वीसारखा होईल का? तुमचा चोवीसाव्या वर्षीचा आवाज नाही येणार. पाळी थांबल्यावर बायकांचा आवाज तसाही थोडा खाली येतो. 160 ते 175 च्या आसपास आला, फोनवर ‘मॅडम’ झालात आणि दिवसभर बोलून घसा दुखला नाही, तर मी त्याला उत्तम निकाल म्हणेन.

तारखांचं गणित मात्र जमत नाही. आता नोव्हेंबर सुरू आहे. आज सिगारेट सोडलीत तरी आठ-दहा आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण, म्हणजे जानेवारीचा मध्य. त्यानंतर ऑपरेशन केलं तर लग्न चौथ्या आठवड्यात येतं, अगदी कच्च्या तंतूंवर. आणि मुलीच्या आईला कार्यालयात काय करावं लागतं? सनईच्या वर आवाज काढून पंगतीला हाका, भटजींशी घासाघीस, रुखवतापाशी मैत्रिणींशी गप्पा. ऑपरेशनचं सगळं काम त्या एका दिवसात वाया जाईल. सिगारेट आधी सोडा, ऑपरेशन मार्चमध्ये. तुमची सूज मध्यम आहे, श्वासाला त्रास नाही, त्यामुळे थांबण्यात नुकसान नाही. मधल्या काळात बसल्या जागी श्वासाचा आवाज, थुंकीत रक्त, गिळताना दुखणं, एकाच कानात ठणका किंवा मानेत गाठ यातलं काहीही जाणवलं तर हे वेळापत्रक विसरून त्याच दिवशी दाखवायला जा.

आणि मंगलाष्टकं तुम्हीच म्हणा. फक्त तुमच्या पूर्वीच्या पट्टीत नको. पेटीवर काळी एकचा सा धरून घरी चार-पाच दिवस एकेक कडवं म्हणून बघा, वर चढणारी ओळ अडली तर ती खालूनच घ्या. तुमच्या त्या जाड आवाजात शार्दूलविक्रीडित चांगलं घुमेल. कडव्याच्या शेवटी लांबवायचं ते ‘सावधान’ तेवढं करवल्यांना ओढू दे. माईक तोंडाजवळ घ्या आणि आदल्या रात्री जागू नका.